एका पानातला सोमवार

“सोमवारी रातच्याला म्या जेवत न्हाई, आन त्यात द्येवाचा काय बी संबंध न्हाई.”

हे वाक्य रतनबाईंनी पहिल्यांदा सासूला सांगितलं, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि किकवीहून लग्न होऊन गुंजवण्यात येऊन त्यांना पंधरवडाही झाला नव्हता. सासूला वाटलं, पोर रुसली. पहिल्या सोमवारी तिनं दुर्लक्ष केलं. दुसऱ्या सोमवारी ती ताट घेऊन सुनेसमोर बसली आणि म्हणाली, “माहेरी कळलं तर म्हणतील, सासरी उपाशी ठेवत्यात. खा.” मग सुनेनं वरचं वाक्य उच्चारलं. सासूला ते उद्धट वाटलं. सोमवार म्हणजे महादेवाचा. दिवसभर उपास करायचा आणि संध्याकाळी सोडायचा. ही पोर दुपारी भाकरी चांगली पोटभर खाते आणि जगाची जेवायची वेळ झाली की हात धुऊन चुलीपासून उठते. हा कुठला सोमवार?

गावानं त्याला नाव दिलं : उलटा सोमवार.

नाव टिकलं. सासू गेली, नवरा गेनबा गेला, खाचरांचा निम्मा तुकडा धरणाच्या पाण्याखाली गेला, पण ते नाव राहिलं. भात लावणीच्या दिवसांत, चिखलात कमरेत वाकून संध्याकाळ झाली की शेजारची धोंडाबाई बांधावरून हाक मारायची, “रतने, आज तुजा उलटा वार गं. तुज्या वाटणीचं मी खाऊ का?” रतनबाई म्हणायच्या, “खा. तुला सुलटं बी पचत न्हाई, उलटं तरी पचंल.” दोघी हसायच्या. पण घरी येऊन अंधारात पडल्यावर रतनबाई ते हसणं पुन्हा आठवून बघायच्या. त्या खोटं बोलतात असं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. खरं बोलतात असंही कुणी म्हणत नव्हतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पासष्ट साली, पाकिस्तानशी लढाई झाली त्या वर्षी, देशात धान्य नव्हतं. त्या तेव्हा किकवीत होत्या, चौथी पास होऊन घरी बसलेल्या. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती सगळं गाव उभं राहिलं होतं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री हिंदीतून बोलले. रतनबाईंना निम्मं कळलं, निम्मं वडिलांनी सांगितलं : आठवड्याला एका वक्ताचं जेवण सोडा. सोमवारी सांजचं. गावातल्या पुष्कळ घरांनी सोडलं. पुढच्या जानेवारीत शास्त्री परदेशात वारले. हळूहळू घरोघरी सोमवारच्या चुली पेटायला लागल्या. रतनबाईंची पेटली नाही.

गेनबानं एकदा विचारलं होतं, “आता सरकारचं धान्य मायंदाळ झालंय. रेशनला लायनी लागत्यात. तू कुणासाठी सोडतीस?”

“ज्यानं सोडा म्हणलं, त्यानं आता जेवा असं म्हणलं न्हाई.”

“तो मेला की गं.”

“त्येच सांगते. म्हणायच्या आत मेला.”

या बाईच्या डोक्यात एक हुकूम उघडाच राहिला आहे, दार लावायचं राहून जावं तसा, आणि तिथून वारा येतो आहे, हे गेनबाला कळलं असावं. त्यानंतर त्यानं सोमवारी स्वतःहून एक भाकरी कमी थापायला सांगायला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट त्या सांगत. त्याच सुमारास, किकवीच्या सडकेवर त्या शेण गोळा करत असताना मोटारींचा ताफा गेला. त्यातल्या एका मोटारीच्या खिडकीतून हात बाहेर आला आणि त्या हातानं त्यांच्या दिशेनं हालचाल केली. वडील, म्हणजे तात्या, म्हणाले, शास्त्री होते. ही गोष्ट त्या कमी वेळा सांगत, पण सांगताना त्यांचा आवाज बदले. सोमवारची थट्टा व्हायची. हाताची कुणी करत नसे, कारण हात सांगताना रतनबाई स्वतःचा उजवा हात उचलून दाखवत आणि तो काही क्षण हवेत तसाच राहत असे.

त्यांचा मुलगा कुमार टेम्पो चालवतो. सून सोनिया. नात राजनंदिनी त्या वर्षी नववीत होती, खोऱ्यातल्या हायस्कुलात. सप्टेंबरमध्ये शाळेत प्रकल्प निघाला : एका राष्ट्रीय नेत्याचा एका पानात परिचय. निवडलेली पानं दोन ऑक्टोबरला फलकावर लागणार आणि त्यातलं एक कार्यक्रमात वाचलं जाणार. राजनंदिनीनं चिठ्ठी वगैरे निघायच्या आधीच हात वर करून शास्त्री मागून घेतले. घरी येऊन ती म्हणाली, “आजे, तुझा सोमवार आता छापून लावते बघ. आणि हात पण.”

रतनबाई त्या वेळी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी धोंडाबाईला ओट्यावरून स्वतःहून हाक मारली आणि दोन ऑक्टोबरला मोकळी राहा म्हणून सांगितलं.

बातमी माहेरी पोचली. किकवीचा मानसिंग, रतनबाईंच्या भावाचा मुलगा, त्याचं हायवेला हॉटेल आहे. शाळेला माईक आणि स्पीकर त्यानंच दिलेले, त्यामुळे दोन ऑक्टोबरचा पाहुणा तोच. त्यानं फोनवर आत्याला सांगितलं, “आत्या, हे लई भारी झालं. एकदा शाळेनं लिहिलं ना, की मग मी हाटेलाच्या समोर पाटीच लावतो. ‘येथे शास्त्रीजी थांबले होते.’ खाली तुझं नाव. पुण्या-मुंबईची लोकं थांबून फोटो काढतील.”

“थांबले नव्हते. मोटार गेली.”

“हात केला म्हंजी थांबल्यागतच की.”

रतनबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला. पण त्यांना राग आलेला नव्हता. रस्त्याच्या कडेला, लोखंडाच्या पाटीवर, आपलं नाव. तो विचार त्यांनी लगेच मनातून काढून टाकला नाही.

मैथिली मॅडम भोरहून स्कूटीनं येतात. इतिहास आणि मराठी शिकवतात. त्यांनी प्रकल्पाला एकच अट घातली होती : पानावरच्या प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीनं लिहायचं, हे कुठं मिळालं. दोन ठिकाणी मिळालं पाहिजे, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली नकोत. “दोन मोबाईलवर एकच फॉरवर्ड आला, तर तो एकच पुरावा,” त्यांनी वर्गात सांगितलं. “आणि दोन ठिकाणी वेगवेगळं असेल तर जेवढं जुळतं तेवढंच लिहा.”

राजनंदिनीनं पहिलं पान दिलं. मॅडमनी मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं.

“‘थोर नेते लालबहादूर शास्त्री.’ थोर कुठं मिळालं?”

“मॅडम, ते थोर होतेच ना.”

“होते. पण ते तुझ्या पानानं सिद्ध होऊ दे. आधीच सांगून टाकलंस तर पुढं वाचणार कोण? बरं, ‘त्यांचा जन्म शास्त्री घराण्यात झाला.’ हे?”

“आडनाव शास्त्री आहे म्हणून.”

मॅडम हसल्या. “आमच्या भोरात, माझ्या आळीतच शास्त्री राहतात. त्यांचं ते आडनाव आहे. यांचं नव्हतं. काशी विद्यापीठाची पदवी होती ती. पास झाल्यावर मिळाली आणि नावाला चिकटली.”

“म्हणजे बी.ए.सारखं?”

“तसंच समज. उद्या तुला लोक राजनंदिनी बी.ए. म्हणायला लागले तर?”

पदवीचं वर्ष लिहायला गेलं तर एका पुस्तकात पंचवीस, दुसऱ्यात सव्वीस. मॅडमनी वर्ष काढायला लावलं. पदवी राहिली. मग आलं गंगा पोहून शाळेत जाणं. राजनंदिनीनं ते मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून घेतलं होतं आणि अर्ध्या परिच्छेदात सजवलं होतं. मॅडमनी शोधायला लावलं. एका ठिकाणी ते रोज पोहत होते, दुसऱ्या ठिकाणी एकदाच, जत्रेहून परतताना, नावेला पैसे नव्हते म्हणून. “यातलं जुळतं काय?” “गंगा,” राजनंदिनी म्हणाली. अख्खा परिच्छेद गेला. तो खोडताना तिला पाण्यातून माणूस काढून काठावर ठेवल्यासारखं वाटलं. कोरडा, लहानखुरा, पण खरा.

शेवटी पान खालच्या दोन वाक्यांवर आलं.

“‘त्यांनी देशाला सोमवारचा उपवास करायला सांगितला.’ ‘ते किकवी येथे आले असता त्यांनी माझ्या आजीला हात केला.’ हे कुठं मिळालं?”

“आजीकडं.”

मॅडमनी लगेच नकार दिला नाही. “आजी हा पुरावाच असतो, राजनंदिनी. पण कशाचा? तिनं स्वतः जे बघितलं, ऐकलं त्याचा. तिला नीट विचार. काय बघितलं, काय कुणी सांगितलं. दोन वेगळं करून आण. मी पण शोधते.”

घरी हे विचारणं सोपं नव्हतं. राजनंदिनी दोनदा पाणी प्यायली. मग वहीपेन न घेता आजीजवळ बसली.

“आजे, मोटारीत शास्त्रीच होते हे तुला कसं कळलं?”

“तात्यांनी सांगितलं.”

“तात्यांना कसं कळलं?”

रतनबाईंनी सूप खाली ठेवलं. “तुज्या मॅडमनी इचारलं का हे?”

“व्हय.”

“म्हंजी म्या साठ वर्सं खोटं बोलते?”

“तसं न्हाई म्हणल्या त्या.”

“मंग कसं म्हणल्या?”

राजनंदिनीला ते जसंच्या तसं सांगता आलं नाही. जे सांगितलं त्यात पुरावा हा शब्द आला, आणि तो शब्द रतनबाईंनी फक्त तहसीलमध्ये, धरणाच्या मोबदल्याच्या वेळी ऐकला होता. तिथं पुरावा नसलेल्या माणसाला बाकावरून उठवत. त्या उठल्या आणि मागच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या. सोनियानं पोरीला हळूच दटावलं, “कशाला खाजवून खरूज काढतीस? लिहून टाकायचं होतं. कोण बघायला जातंय.”

“मॅडम बघतात.”

“मंग काढून टाक. पर म्हातारीला इचारायचं कशाला?”

दोन दिवस आजी नातीशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी धुवट लुगडं नेसून त्यांनी कुमारला टेम्पो शाळेवरून न्यायला सांगितला आणि फाटकाशी उतरल्या.

मैथिली मॅडम शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. म्हातारी दारात उभी राहिल्यावर त्या ओळखीशिवायच समजल्या.

“या आजी, बसा. चहा सांगते.”

“च्या नगं. आदी सांगा, माजं नाव खोडलं का?”

“अजून नाही. तुम्ही सांगाल तसं करू.”

हे उत्तर रतनबाईंनी मनात धरलेलं नव्हतं. त्या बाकाच्या टोकाला बसल्या. भांडायला आणलेलं सगळं पदरात तसंच राहिलं.

“मी तुम्हांला खोटं ठरवत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी भोरच्या वाचनालयात गेले, पुण्यात एका मैत्रिणीला जुनी वर्तमानपत्रं बघायला सांगितली. सगळी मिळाली नाहीत. जी मिळाली त्यात शास्त्रीजी त्या सडकेनं गेल्याचं कुठं नाही. म्हणजे गेलेच नाहीत असं नव्हे. सापडलं नाही, एवढंच. म्हणून तुमच्याकडून ऐकायचं होतं. तुम्ही काय बघितलंत?”

रतनबाई सांगायला लागल्या. नेहमीसारखंच सांगायला लागल्या. पण इथं कुणी हसायला नव्हतं, कुणी मान डोलवायला नव्हतं, समोरची बाई नुसती ऐकत होती, आणि नेहमीची वाक्यं त्या शांततेत वेगळी ऐकू यायला लागली. पुढं जीप होती. मग पांढरी मोटार. मग दुसरी. दुसऱ्या मोटारीच्या खिडकीतनं हात आला. बाही पांढरी. मनगटाला घड्याळ.

“आणि चेहरा?”

“ऊन व्हतं. काचंवर.”

बाहेर पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजत होती. रतनबाईंचा उजवा हात गोष्टीत नेहमी वर जाई तसा वर गेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मांडीवर घेतला.

“तोंड न्हाई दिसलं,” त्या म्हणाल्या. “कवाच न्हाई दिसलं. तात्या म्हणले शास्त्री, म्हणून शास्त्री. तात्यांनी बी कुटं बघितल्यालं.”

हे त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या.

“खोडा त्ये.”

“आजी, ‘हात बघितला’ एवढं ठेवता येईल…”

“कुणाचा हात त्येच ठाव न्हाई तर शास्त्रींच्या पानात त्याचं काय काम? त्यांचं पान हाय त्ये. माजं न्हाई. खोडा.”

मॅडमनी पेन्सिल घेतली आणि ते वाक्य त्यांच्या समोर खोडलं. मग कपाटातून एक पुस्तक काढलं. वाचनालयाचं, पुठ्ठा सैल झालेलं, शास्त्रींचं चरित्र. खुणेचा कागद घातलेलं पान उघडून त्यांनी ते रतनबाईंपुढं धरलं.

“हे मात्र सापडलं. आणि आणखी एका ठिकाणी, वेगळ्या माणसानं लिहिलेलं. तुम्हीच वाचा.”

रतनबाईंची चौथी फार जुनी. त्या बोट ठेवून वाचू लागल्या. अक्षर अक्षर. देशातल्या लोकांनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडावं, असं आवाहन शास्त्रींनी केलं. पुष्कळ घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. हॉटेलंही बंद राहत.

बोट ‘सोमवारी’वर थांबलं. मग मागं आलं आणि पुन्हा तिथंच गेलं. पुन्हा एकदा.

“संध्याकाळी,” त्या म्हणाल्या. “दिसा न्हाई. संध्याकाळी.”

“हो.”

“माज्या सासूला दाखवाया पायजे व्हतं.”

त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला हे मैथिली मॅडमना नंतर नीट सांगता आलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की बाई बाकाच्या टोकावर होत्या, त्या बाकाच्या मध्ये सरकून बसल्या.

जाताना रतनबाईंनी एक दुरुस्ती मात्र करायला लावली. राजनंदिनीच्या पानात ‘सोमवारचा उपवास’ असं होतं. “उपास काढा त्यातला. उपास द्येवाचा. त्याला पुण्य लागतं. हे नुसतं जेवान सोडणं. कुणाला तरी मिळावं म्हणून.” मॅडमनी पुस्तकातली ओळ परत बघितली. तिथंही उपवास हा शब्द नव्हता. जेवण सोडावं, असंच होतं. पेन्सिलीची रेघ त्या शब्दावरूनही गेली.

त्या संध्याकाळी आजी आणि नात चुलीपुढं बसून पान नव्यानं उतरवत होत्या. आजी लिहीत नव्हती, पण प्रत्येक वाक्याला विचारत होती, “हे कुटं मिळालं?” राजनंदिनी वैतागून म्हणाली, “तू मॅडमपेक्षा वाईट आहेस.” कुमार जेवता जेवता म्हणाला, “आये, मानसिंगदादाला काय सांगायचं? त्यानं पाटीला रंग बी आणलाय म्हणं.”

“त्याला सांग, शास्त्रींच्या वक्ताला त्याचं हाटेल असतं तर सोमवारी सांजचं बंद ठेवावं लागलं असतं. तशी पाटी लाव म्हणावं.”

कुमारनं हे मानसिंगला सांगितलं नाही, हात पानातून काढल्याचंही नाही. सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं सोनिया अजून म्हणते.

त्या वर्षी दोन ऑक्टोबर सोमवारी आला. शाळेच्या सभागृहात सतरंज्या होत्या, भिंतीला गांधीजींचा आणि शास्त्रीजींचा फोटो, दोघांना सारखे हार. फलकावर पानं लागली होती. खोऱ्यातले पालक आले होते. धोंडाबाई पुढच्या रांगेत, रतनबाईंच्या शेजारी, नवं लुगडं नेसून. मानसिंग व्यासपीठावर, फेट्यात.

वाचायला निवडलेलं पान राजनंदिनीचं होतं. तिनं ते सरळ आवाजात वाचलं. जन्म दोन ऑक्टोबर एकोणीसशे चार, मुघलसराय. दीड वर्षाचे असताना वडील वारले. काशी विद्यापीठातून ‘शास्त्री’ ही पदवी मिळाली, ते त्यांचे आडनाव नव्हते. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास. एकोणीसशे छप्पन साली रेल्वे अपघाताची जबाबदारी स्वीकारून रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा. नऊ जून एकोणीसशे चौसष्ट रोजी पंतप्रधान. पासष्टचं युद्ध, जय जवान जय किसान. मग ती किंचित थांबली.

“‘देशात धान्याची टंचाई होती. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडावे, असे आवाहन त्यांनी केले. अनेक घरांत सोमवारी संध्याकाळचे जेवण बंद झाले. दहा जानेवारी एकोणीसशे सहासष्ट रोजी त्यांनी ताश्कंद येथे करारावर सही केली. दुसऱ्या दिवशी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.’”

पान संपलं. त्यात ‘थोर’सारखं एकही विशेषण नव्हतं. मग धोंडाबाईनं, मायंदाळ लोक असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सोमवारी सांजचं? आसं खरंच हाय का त्ये?” मागून कुणीतरी म्हणालं, “वाचलं की आत्ता.” धोंडाबाई रतनबाईंकडे वळली. तिनं रतनबाईंच्या मांडीवर हात ठेवला आणि काढून घ्यायला विसरली. मागच्या रांगांत ‘उलटा सोमवार’ हे शब्द पुन्हा ऐकू आले, पण या वेळी ते कुणीतरी आपल्या पोराला समजावून सांगत होतं.

रतनबाई ताठ बसल्या होत्या. त्यांची मान त्या दिवशी इतकी सरळ होती की सोनियाला वाटलं, सासूबाई आपल्याहून उंच आहेत.

तेवढ्यात मानसिंगनं माईक घेतला.

“पोरीनं छान लिहिलं. पण पोर लाजरी आहे, खरी गोष्ट राहूनच गेली,” तो म्हणाला. “मंडळी, या पोरीची आजी, म्हणजे माझी सख्खी आत्या. हिला शास्त्रीजी प्रत्यक्ष भेटले होते. आमच्या किकवीत त्यांनी गाडी थांबवली, आणि हिच्या डोक्यावर हात ठेवला. अशी बाई आज आपल्यात बसलीये. मी जाहीर करतो, त्या जागी आम्ही पाटी लावणार. आत्या, वर या. शाल घ्या आणि स्वतःच्या तोंडानं सांगा.”

टाळ्या पडल्या. धोंडाबाईनं कोपरानं ढोसलं, “जा की गं. सांग हाताचं.”

रतनबाई उठल्या. तीन पायऱ्या चढून वर गेल्या. मानसिंगनं शाल उघडून धरली होती, एका हातानं माईक पुढं केला होता. समोर सगळं खोरं बसलं होतं. त्या एका क्षणात जे बोलतील ते उद्यापासून खरं होणार होतं. लोखंडाच्या पाटीइतकं खरं. कुणी विचारणार नव्हतं, कुठं मिळालं. आणि नाही म्हणाल्या तर स्वतःच्या भाच्याला, त्याच्या स्पीकरवरून, चारचौघांत खोटं ठरवणं होतं.

त्यांनी माईक घेतला. मानसिंग हसला. त्यांनी तो मानसिंगच्या बाजूनं नव्हे, दुसऱ्या बाजूला नेला आणि अजून पान हातात धरून उभ्या असलेल्या राजनंदिनीच्या हातात दिला.

राजनंदिनीनं आजीकडे पाहिलं. आजीनं भुवयांनी खूण केली : वाचलंस तसंच सांग.

“आजीनं मोटार बघितली होती,” राजनंदिनी माईकमध्ये म्हणाली. तिचा आवाज पहिल्या वाक्याला हलला, दुसऱ्याला नाही. “एक हात बघितला होता. चेहरा बघितला नव्हता. आत कोण होतं ते आजीला माहीत नाही. आम्ही शोधलं, सापडलं नाही. म्हणून ते पानात नाही. आजीनंच काढायला सांगितलं. जेवणाचं सापडलं, ते आहे.”

टाळ्या वाजल्या नाहीत. मैथिली मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मानसिंगच्या हातात शाल उघडीच राहिली.

रतनबाईंनी नातीच्या हातातल्या पानाची दुमडलेली कड अंगठ्यानं सरळ केली. शाल त्यांनी घेतली नाही, पण जाता जाता भाच्याचा एका बाजूला सरकलेला फेटा दोन बोटांनी नीट केला. मग त्या पायऱ्या उतरल्या. सतरंज्यांच्या मधून वाट नव्हती. पुढच्या रांगेनं पाय आवरले, मग तिच्या मागच्या रांगेनं, मग एकेका रांगेनं. बसलेली माणसं अर्धी उठून बाजूला होत गेली. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, पावलं घाईची नव्हती, आणि त्या दारातून बाहेर पडल्या.